दुकानाच्या आयडीवर पोरांचा खेळ चढवू नका

विदर्भातल्या तालुक्यांच्या गावांत प्लेस्टेशन विकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि आयडी टाकून देणाऱ्या सर्व दुकानदार भावांना,

सप्रेम नमस्कार.

मी दारव्ह्यात ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, परीक्षेचे फॉर्म ही माझी रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर या भागातली पोरं, आणि कधी त्यांचे बापही, माझ्याकडे येऊन म्हणतात, "भाऊ, याचा गेम उडाला, काही करता येते का पाहा न." गेम उडालेला नसतो, तो भलत्याच खात्यात बसलेला असतो. तो तिथे गेलेला असतो तुमच्या काउंटरवर पहिल्या दिवशी झालेल्या लॉगिनमुळे. म्हणून हे पत्र गेम कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. कंपनीचं धोरण आपल्या हातात नाही, काउंटरवरची पद्धत मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालणारी रीत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कापूस विकला की घरात थोडा पैसा येतो आणि पोराच्या हट्टापायी सेकंड हँड पीएस-४ घेतला जातो. नव्या गेमची डिस्क परवडत नाही, म्हणून दुकानदार स्वतःचा एक पीएसएन आयडी, म्हणजे प्लेस्टेशनचं ऑनलाइन खातं, त्यात टाकून देतो. त्या आयडीवर विकत घेतलेले पाच-दहा गेम असतात. Settings मधल्या Account Management मध्ये जाऊन Activate as Your Primary PS4 दाबलं की ते गेम त्या मशीनवर चालू लागतात. मग पोराला सांगितलं जातं, "याच आयडीवरून खेळ, काही बदलू नको." सारा घोटाळा या शेवटच्या वाक्यात आहे.

मशीन एखाद्या आयडीसाठी प्रायमरी केलं, की त्या आयडीवरचे गेम त्या मशीनवरच्या कोणत्याही युजरला खेळता येतात. सोनीने ही सोय त्यासाठीच ठेवलेली आहे. पीएस-५ वर हीच गोष्ट Console Sharing and Offline Play या नावाने दिसते. म्हणजे पोराने तुमच्या आयडीवरून खेळायची काहीही गरज नाही. त्याचा वेगळा युजर आणि त्याचा स्वतःचा पीएसएन आयडी असला, तरी तुमचे गेम त्याला तसेच चालतील. तुमचा आयडी मशीनमध्ये गेमच्या परवान्यापुरता पडून राहील आणि पोराची सारी कमाई त्याच्या आयडीवर जमेल. तुमचं काही कमी होत नाही, काम फक्त दहा-पंधरा मिनिटांनी वाढतं.

ही कमाई कुठे जमते, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे. फोर्टनाइटचं उदाहरण घेतो, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात. तो फुकट आहे आणि ऑनलाइन खेळायला त्याला पीएस प्लस ही सोनीची वर्गणीही लागत नाही, म्हणून खेड्यातल्या पोरांच्या हाती तो आधी पडतो. त्यातली लेव्हल, स्किन आणि लॉकरमधला सारा माल प्लेस्टेशनमध्ये नसतो आणि पीएसएन आयडीतही नसतो. तो फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीच्या सर्व्हरवर, एपिकच्या खात्यात असतो. तुमच्या मशीनवरचा पीएसएन आयडी त्या एपिक खात्याला जोडलेला असतो. गेम उघडला की सर्व्हर पाहतो, हा पीएसएन आयडी कोणत्या एपिक खात्याला जोडलेला आहे, आणि त्या खात्यातला माल समोर मांडतो. एका वेळी एक पीएसएन आयडी एकाच एपिक खात्याला जोडता येतो. शेत कोणी कसलं यापेक्षा सातबारा कोणाच्या नावावर आहे हे जसं ठरवतं, तसं इथे दोन वर्षं कोण खेळलं यापेक्षा एपिक खात्यावर ईमेल कोणाचा आहे हे ठरवतं.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही लोकांना उलट्या वाटतात. पहिली ही, की लिंक काढली म्हणून प्रोग्रेस पुसली जात नाही. ती एपिक खात्यात जशीच्या तशी राहते, फक्त त्या पीएसएन आयडीवरून दिसेनाशी होते. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. लिंक म्हणजे नुसती जोडणी नसून लॉगिनचा एक रस्ताही आहे. एपिकच्या साइटवर पासवर्ड न टाकता प्लेस्टेशनच्या चिन्हावर क्लिक करून आत जाता येतं. म्हणजे ज्याच्याकडे तुमच्या दुकानाच्या पीएसएन आयडीचा पासवर्ड आहे, त्याच्यासाठी त्या आयडीला जोडलेलं पोराचं एपिक खातंही उघडं आहे.

आता एक प्रकरण सविस्तर सांगतो. मुलगा आर्णी रस्त्यावरच्या एका गावचा, अकरावीत शिकणारा. वडिलांनी त्याला जुना पीएस-४ घेऊन दिला. मशीनमध्ये दुकानाचा आयडी होता आणि तो त्याच आयडीवरून खेळत गेला. फोर्टनाइट पहिल्यांदा उघडला तेव्हा एपिकचं खातं काढावं लागलं. मुलाचा स्वतःचा जीमेल नव्हता, म्हणून मोठ्या बहिणीचा टाकला. पुढे बहिणीचं लग्न होऊन ती पुसदला गेली आणि तो ईमेल सगळे विसरले. खेळ चालू होता. वाढदिवसाचे आणि पोळ्याचे मिळालेले पैसे त्यात घालून त्याने स्किनही घेतल्या होत्या.

मधल्या काळात त्याच दुकानाने तोच आयडी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये टाकला. त्या दुसऱ्या पोराने फोर्टनाइट उघडला तर तो थेट या मुलाच्या लॉकरमध्ये पोचला. त्याला वाटलं, दुकानदाराने भरलेलं खातं दिलं. तो मजेत खेळू लागला. इकडे हा मुलगा खेळत असताना मधेच बाहेर फेकला जाऊ लागला. आपल्या खात्यात कोणी शिरलंय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने स्वतःचा नवा पीएसएन आयडी काढला. इथवर त्याने बरोबर केलं. पण नव्या आयडीवरून त्याने सर्वांत आधी फोर्टनाइट उघडून पाहिला आणि समोर येईल ते बटण दाबत पुढे गेला. पहिली लेव्हल, रिकामं लॉकर. रडवेला होऊन तो माझ्याकडे आला. "काका, नवी आयडी काढली अन् सारंच गेलं न," हे त्याचे शब्द.

गेलं काहीच नव्हतं. नव्या पीएसएन आयडीवरून गेम उघडताच एपिकने त्या आयडीसाठी एक नवं, रिकामं खातं तयार केलं होतं आणि नवा आयडी त्याला जोडला गेला होता. आता खाती दोन झाली. जुनं भरलेलं खातं दुकानाच्या आयडीला जोडलेलं, नवं रिकामं खातं मुलाच्या आयडीला जोडलेलं.

हे ओळखायची खूण साधी आहे. प्रत्येक एपिक खात्याला एक अकाउंट आयडी असतो, अक्षरं आणि आकडे मिसळलेली ३२ खुणांची लांब ओळ. नाव बदलता येतं, ही ओळ कधी बदलत नाही. गेममध्ये सेटिंगच्या अकाउंटच्या भागात ती दिसते आणि एपिकच्या साइटवर खात्याच्या पहिल्या पानावरही दिसते. मुलाला घरी जाऊन टीव्हीवरच्या त्या ओळीचा फोटो काढून आणायला सांगितलं. मग बहिणीला फोन लावला. तिने जीमेलवर आलेला कोड सांगितला आणि आम्ही साइटवर जुन्या खात्यात शिरलो. दोन्ही ओळी शेजारी धरल्या. पहिल्या चार अक्षरांपासूनच त्या वेगळ्या होत्या. त्या मुलाच्या चेहऱ्यावरची भीती तिथेच उतरली, कारण साइटवरच्या जुन्या खात्यात त्याने खरेदी केलेल्या सगळ्या गोष्टींची यादी तारखांसकट समोर दिसत होती.

यूट्यूबवर अजूनही जुने व्हिडिओ फिरतात, "दोन एपिक अकाउंट मर्ज करा". ते पाहून पोरं दोन्ही खात्यांत खेळत राहतात, नंतर एकत्र करू म्हणून. मर्जची सोय एपिकने २०१९ च्या सुरुवातीला दिली होती आणि मे २०१९ मध्ये कायमची बंद केली. आज दोन खाती एक होत नाहीत. कोणतं ठेवायचं ते ठरवून दुसरं सोडावं लागतं.

पुढचं काम क्रमाने करावं लागतं आणि क्रम चुकला की माणूस अडकतो. म्हणून आम्ही ज्या क्रमाने केलं तो तसाच सांगतो.

सुरुवातीला कोणतीही लिंक न काढता जुन्या खात्याचा ईमेल बदलला. बहिणीच्या पत्त्यावर आलेला कोड टाकून तिथे मुलाचा नवा जीमेल लावला, नवा पासवर्ड ठेवला आणि टू-फॅक्टर चालू केलं. मग ब्राउझर बंद करून नुसत्या ईमेल-पासवर्डने पुन्हा आत जाऊन पाहिलं. हे पाहणं मी कधीच वगळत नाही. प्लेस्टेशनच्या चिन्हाचा आधार न घेता खात्यात शिरता आलं, तरच त्या आधाराला हात लावायचा.

त्यानंतर रिकामं खातं मोकळं केलं. त्यात मुलाच्या नव्या पीएसएन आयडीने शिरलो. त्या खात्यावर ईमेल नव्हताच, तो टाकावा लागला. एका ईमेलवर एकच एपिक खातं चालतं, म्हणून इथे वडिलांचा वापरला. मग Apps and Accounts या पानावर Accounts मध्ये जाऊन प्लेस्टेशनपुढचं Remove दाबलं. तिथे सूचना येतात, त्या मुलाला मराठीत वाचून दाखवल्या आणि एकेका चौकटीत त्यानेच खूण केली.

मग जुन्या खात्यात येऊन तिथून दुकानाचा आयडी काढला. लक्षात घ्या, यासाठी दुकानदाराला विचारावंही लागलं नाही आणि त्याचा पासवर्डही लागला नाही. खात्यावर ईमेल आपला असेल तर लिंक आपण काढू शकतो.

शेवटी जुन्या खात्याला मुलाचा नवा पीएसएन आयडी जोडला. इथे माझ्यासारख्या केंद्रांवर हमखास होणारी एक चूक आहे. ब्राउझरमध्ये आधीच्या माणसाचं सोनीचं लॉगिन शिल्लक असेल, तर Connect दाबताच काही न विचारता तोच आयडी जोडला जातो. एका पोराच्या खात्याला भलत्याच गावच्या पोराचा आयडी लागतो आणि दोघंही अडकतात. म्हणून हे काम कायम इन्कॉग्निटो विंडोमध्ये करावं आणि सोनीच्या पानावर कोणता आयडी दिसतो ते वाचूनच होकार द्यावा. आणखी एक अडचण इथे येऊ शकते. आधी एक पीएसएन आयडी जोडलेल्या खात्याला दुसरा जोडताना एपिकची साइट अडवू शकते, हे खातं आधी दुसऱ्याशी जोडलेलं होतं म्हणून. घाबरून पुन्हा नवं खातं काढू नये. एपिकच्या मदत-पानावरून तो निर्बंध उठवून घ्यावा आणि मगच जोडावं.

मुलगा घरी गेला, गेम उघडला आणि त्याचं लॉकर त्याच्या स्वतःच्या आयडीवर आलं. दुकानाच्या आयडीवर खेळणाऱ्या त्या दुसऱ्या पोराला मात्र त्या दिवशी अचानक रिकामं लॉकर दिसलं असेल. त्याचा यात काय दोष? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की तो दुसऱ्याच्या खात्यात खेळतो आहे. दोन घरांत एकाच वेळी चोरीचा संशय निर्माण झाला आणि चोर दोन्हीकडे कोणीच नव्हता. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं.

हे प्रकरण सुटलं, कारण बहिणीचा ईमेल चालू होता आणि ती फोनवर होती. जिथे सुटत नाही, ते आता सांगतो.

पुष्कळ पोरांनी एपिकच्या खात्यावर ईमेल टाकलेलाच नसतो. तशा खात्यात शिरायचा रस्ता एकच, तो म्हणजे तुमच्या दुकानाचा पीएसएन आयडी. तुम्ही त्या आयडीचा पासवर्ड बदलला, तो आयडी दुसऱ्याला विकला, किंवा सोनीने तो बंद केला, की पोराचा रस्ता संपला. याहून वाईट म्हणजे त्याच आयडीवर खेळणाऱ्या दुसऱ्या कोणी साइटवर जाऊन त्या खात्यावर स्वतःचा ईमेल टाकला, की खातं त्याचं झालं. त्याने चोरी केली असंही म्हणता येत नाही, साइटने ईमेल मागितला म्हणून त्याने टाकला. मग पोरगं कंपनीच्या सपोर्टकडे जातं. सपोर्ट विचारतं, खातं तुमचं आहे याचा पुरावा द्या, खरेदीच्या पावत्या दाखवा. प्लेस्टेशनवरून केलेल्या खरेदीची पावती सोनी पाठवते पीएसएन आयडीच्या ईमेलवर. तो ईमेल तुमच्या दुकानाचा. म्हणजे पैसे पोराने भरले आणि पुरावा तुमच्या इनबॉक्समध्ये. असं पोरगं दुकानात पावती मागायला आलं तर कृपा करून त्याला हाकलू नका. ईमेलमध्ये सोनीच्या नावाने शोधलं की पाच मिनिटांत सापडते.

सोनी आयडी बंद करते, ही शक्यता मी उगाच भीती घालायला सांगत नाही. आयडी दुसऱ्याला विकणं सोनीच्या अटींत बसत नाही, हे तुम्हीही जाणता. त्या व्यवहाराच्या बऱ्यावाईटात मी इथे शिरत नाही, गरीब घरातल्या पोराला गेम कसा परवडायचा हा प्रश्न खराच आहे. पण त्या व्यवहाराची जोखीम तुमच्या आयडीपुरती राहिली पाहिजे. पोराच्या दोन वर्षांच्या खेळावर ती का जावी?

लिंक काढून-घालूनही जे येत नाही, तेही गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवं. कथा असलेले, एकट्याने खेळायचे गेम आपली सेव्ह मशीनमध्ये त्या पीएसएन आयडीच्या नावाने ठेवतात. तुमच्या आयडीवर एखादा गेम ऐंशी टक्के संपवला असेल, तर पोराच्या नव्या आयडीवर तो पहिल्यापासून सुरू होतो. पीएस-४ ची सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येते, पण ती पुन्हा त्याच आयडीसाठी चालते, दुसऱ्याला सहसा उघडत नाही. पीएस-५ च्या गेमची सेव्ह तर पेनड्राइव्हवर जातच नाही. क्लाउडवर ठेवायची तर पीएस प्लस लागतं. ट्रॉफी पीएसएन आयडीच्या, त्या कधीच हलत नाहीत. वॉलेटमध्ये उरलेले पैसेही हलत नाहीत.

प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे, म्हणून फोर्टनाइटचं शिकून तेच सगळीकडे लावू नका. रॉकेट लीगही एपिकचाच, सप्टेंबर २०२० पासून फुकट झालेला, पण त्यात दोन-तीन मशीन एका खात्याला जोडल्या की एक प्रायमरी प्लॅटफॉर्म निवडावा लागतो. गाड्या आणि सामान सगळीकडचं मिळतं, पण लेव्हल आणि रँक फक्त प्रायमरीचीच पुढे चालते. कोणी घाईत रिकाम्या मशीनला प्रायमरी केलं, की डायमंड रँकचं पोरगं पुन्हा खालून सुरू होतं. कॉल ऑफ ड्यूटीच्या अ‍ॅक्टिव्हिजन खात्यात एका प्लॅटफॉर्मची जोडणी १२ महिन्यांतून एकदाच बदलता येते. म्हणजे काउंटरवर चुकीचा आयडी जोडला गेला आणि तो काढून पुन्हा चुकला, तर वर्षभर हात बांधलेले.

कंपन्यांनी हे जास्त चांगलं करायला हवं होतं, हे माझं ठाम मत आहे. करता येतं याचा दाखलाही आहे. डेस्टिनी २ या गेममध्ये २०१९ मध्ये खाती जोडायची सोय आली, तेव्हा जोडण्याआधी प्रत्येक मशीनवरची तुमची पात्रं चित्रासकट शेजारी मांडून विचारलं जायचं, यातली कोणती चालू ठेवायची? बाकीची पुसली जात नव्हती, बाजूला ठेवली जात होती. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्यालाही चित्र पाहून कळेल, आपण काय निवडतो आहोत. फोर्टनाइट उघडणाऱ्या आपल्या पोराला मात्र समोर इंग्रजी मजकूर आणि दोन बटणं दिसतात, आणि तो गेम सुरू व्हावा म्हणून मोठं बटण दाबतो. ते बटण दाबताना त्याच्या शेजारी कोणी मोठा माणूस असतो तर तो तुम्हीच, आणि तोही पहिल्याच दिवशी.

म्हणून दिवाळीच्या गर्दीआधी तुमच्याकडे काही मागणं आहे.

मशीन दुकानाबाहेर जाण्याआधी गिऱ्हाइकाचा वेगळा युजर काढा, त्याच्या किंवा त्याच्या बापाच्या ईमेलवर. पोरगं अठराच्या आतलं असेल तर बापाचा आयडी आधी काढून त्याच्याखाली पोराचा काढावा लागतो. यात वेळ जातो, म्हणून बहुतेक जण १९९० ची एखादी खोटी जन्मतारीख टाकून मोकळे होतात. तसं करू नका. पासवर्ड विसरल्यावर सोनी जन्मतारीखच विचारते आणि घरात ती कोणाला आठवत नाही, कारण ती कोणाचीच नसते. देशही इंडियाच ठेवा. स्वस्त गेमसाठी अमेरिकेचा आयडी काढून दिलात तर देश नंतर बदलत नाही, आणि आपली कार्डं त्यावर चालत नाहीत.

ईमेल-पासवर्ड तुमच्या डायरीत राहू देऊ नका, गिऱ्हाइकाच्या हाती बिलावर लिहून द्या. फोर्टनाइट किंवा दुसरा ऑनलाइन गेम पहिल्यांदा उघडेल तेव्हा त्याच युजरवरून उघडायचा आणि गेम कंपनीच्या खात्यावर तोच ईमेल टाकायचा, एवढं एक वाक्य बिलाच्या मागे लिहिलंत तरी पुढचं अर्धं काम वाचेल.

आणि जी मशीन आधीच तुमच्या आयडीवर चालू आहेत, त्यांचं काय? दुकानाच्या आयडीचा पासवर्ड बदलायच्या आधी, किंवा तो आयडी दुसऱ्या मशीनमध्ये टाकायच्या आधी, त्यावर कोण खेळतं ते आठवा आणि त्याला फोन करा. त्याच्या गेमच्या खात्यावर ईमेल आहे का, तो चालू आहे का, एवढं विचारा. नसेल तर त्याला दुकानात बोलवा, तुमच्या आयडीने एपिकच्या साइटवर शिरा, त्याच्या देखत त्याचा ईमेल टाका, अकाउंट आयडीची ओळ त्याला लिहून द्या, आणि मगच लिंक काढा. एकाच आयडीवर दोन पोरं खेळत असतील तर दोघांनाही एकाच वेळी बोलवा. त्या खात्यातला माल कोणाचा आहे, हे खरेदीच्या तारखा पाहून तुमच्यासमोरच ठरू द्या. दुरुस्तीला आलेल्या मशीनला फॉरमॅट मारायच्या आधीही हेच विचारा, कारण मशीनमधल्या सेव्ह त्यात जातात आणि त्या परत आणायला कोणतंही खातं कामाचं नाही.

ज्यांना साइटवरचं काम जमत नाही, त्यांनी गिऱ्हाइकाला माझ्याकडे किंवा आपापल्या गावातल्या केंद्रावर पाठवावं. सोबत चिठ्ठीवर इतकंच लिहा, मशीनमध्ये कोणता पीएसएन आयडी टाकला होता, कधी टाकला होता, आणि तो आणखी कोणाकडे आहे का. ही तिसरी ओळ लिहायला बरेच जण कचरतात. पण ती असली की काम एका बैठकीत होतं, आणि नसली की पोरगं महिनाभर चकरा मारतं.

आपला,
एक ऑनलाइन सेवा केंद्रचालक
दारव्हा, जि. यवतमाळ